एकक मॅट्रिक्स कधीच कम्युटेटर का नसते

दोन चौरस मॅट्रिक्स घ्या, A आणि B. आधी AB हा गुणाकार करा, मग BA. साध्या संख्यांमध्ये हे दोन्ही सारखेच येतात, मॅट्रिक्समध्ये बहुतेक वेळा येत नाहीत. हा फरक नेमका किती, ते मोजायचं तर एकातून दुसरा वजा करायचा: AB − BA. याच वजाबाकीला A आणि B यांचा कम्युटेटर म्हणतात आणि तो [A, B] असा लिहितात. क्रम बदलल्यानं काहीच बिघडत नसेल तर कम्युटेटर शून्य येतो. बिघडत असेल तर काय बिघडलं याचा सगळा हिशेब त्या एका मॅट्रिक्समध्ये मिळतो.

आता एक साधा प्रश्न. हा फरक बरोबर एकक मॅट्रिक्सएवढा येईल अशी जोडी सापडेल का? एकक मॅट्रिक्स म्हणजे I: कर्णावर सगळे 1, बाकी सगळीकडे 0. कशालाही तिनं गुणलं तरी ते जसंच्या तसं राहतं. मॅट्रिक्सच्या जगातला हा ‘एक’. म्हणजे आपल्याला AB − BA = I हे समीकरण सोडवायचं आहे.

मी हा प्रश्न पहिल्यांदा पाहिला तेव्हा २ × २ मॅट्रिक्स घेऊन थेट सोडवायलाच बसलो होतो. प्रत्येक मॅट्रिक्समध्ये चार घटक, म्हणजे एकूण आठ अज्ञात संख्या, आणि जुळवायच्या जागा फक्त चार. आठ अज्ञात आणि चार समीकरणं म्हटल्यावर उत्तर निघायलाच हवं असं वाटतं. पण कर्णावरच्या दोन जागा उलगडल्या की हे दिसतं:

```
वरची डावी जागा:    a12·b21 − a21·b12
खालची उजवी जागा:   a21·b12 − a12·b21
```

दोन्ही ओळी नीट पाहा. दुसरी ही पहिलीचीच, फक्त चिन्ह उलटं. वरच्या जागी k आला तर खालच्या जागी −k येणारच. आपल्याला दोन्हीकडे 1 हवा आहे, म्हणजे k हा 1 असायला हवा आणि −1 सुद्धा. आठ अज्ञात संख्यांना काहीही किंमत द्या, हा पेच सुटत नाही.

२ × २ साठी प्रश्न इथेच मिटला. पण ३ × ३ मध्ये, ५० × ५० मध्ये काय? तिथे इतकी उलगड हातानं करत बसणं शक्य नाही, आणि गरजही नाही. k आणि −k यांच्यामागे जे कारण आहे तेच सगळ्या आकारांना लागू पडतं. ते दिसण्यासाठी फक्त एक तक्ता मांडायचा.

एक तक्ता, दोन प्रकारे बेरीज

मॅट्रिक्सच्या मुख्य कर्णावरच्या, म्हणजे वरच्या डाव्या कोपऱ्यातून खालच्या उजव्या कोपऱ्याकडे जाणाऱ्या रेघेवरच्या संख्यांच्या बेरजेला ट्रेस म्हणतात. व्याख्या इतकीच. मॅट्रिक्समधली बाकी सगळी माहिती सोडून फक्त तिरक्या रेघेची बेरीज घ्यायची, हे सुरुवातीला जरा मनमानी वाटतं. तिचं खरं मोल गुणाकाराशी गाठ पडते तेव्हा कळतं.

AB च्या कर्णावरची पहिली संख्या कशी मिळते? A ची पहिली आडवी ओळ आणि B चा पहिला उभा स्तंभ घेऊन जोडीजोडीनं गुणायचं आणि बेरीज करायची. त्या बेरजेतली प्रत्येक पद a1j·bj1 अशा रूपाची असते. दुसऱ्या संख्येत a2j·bj2, तिसरीत a3j·bj3. म्हणजे AB च्या कर्णावर फक्त aij·bji या रूपाची पदं येतात: A मध्ये i व्या ओळीतली j वी जागा, आणि B मध्ये बरोबर तिची उलट जागा.

ही सगळी पदं एका चौकोनी तक्त्यात मांडा. i व्या ओळीत, j व्या स्तंभात aij·bji लिहा. प्रत्यक्ष संख्या घेऊन करू:

```
A = | 1  2 |      B = | 0  1 |
    | 3  4 |          | 1  0 |
```

तक्त्यातल्या चार जागा अशा भरतात: a11·b11 = 1·0 = 0, a12·b21 = 2·1 = 2, a21·b12 = 3·1 = 3, a22·b22 = 4·0 = 0.

```
            ओळींची बेरीज
| 0   2 |        2
| 3   0 |        3

  3   2     स्तंभांची बेरीज
```

आता दोन्ही गुणाकार वेगळे करून पाहा:

```
AB = | 2  1 |      BA = | 3  4 |
     | 4  3 |           | 1  2 |
```

AB च्या कर्णावर 2 आणि 3 आहेत, म्हणजे तक्त्यातल्या ओळींच्या बेरजा. BA च्या कर्णावर 3 आणि 2 आहेत, म्हणजे त्याच तक्त्यातल्या स्तंभांच्या बेरजा. हा योगायोग नाही. BA च्या कर्णावरची j वी संख्या ही bji·aij या पदांची बेरीज असते, i बदलत जातो आणि j तसाच राहतो. पदं तीच आहेत. AB मध्ये ती आडवी गोळा केली जातात, BA मध्ये उभी.

तक्त्यातल्या सगळ्या संख्यांची एकूण बेरीज ओळीओळीनं केली काय आणि स्तंभास्तंभानं केली काय, एकच येणार. इथे ती 5 आहे. म्हणून AB चा ट्रेस आणि BA चा ट्रेस नेहमी सारखा. AB आणि BA या मॅट्रिक्स एकमेकींपासून कितीही वेगळ्या असोत, कर्णाची बेरीज दोघींची एकच.

मग AB − BA चा ट्रेस शून्य येणार हे उघड आहे. आपल्या उदाहरणात

```
AB − BA = | −1  −3 |
          |  3   1 |
```

कर्णावर −1 आणि 1, बेरीज शून्य. कम्युटेटरच्या कर्णावरची प्रत्येक संख्या म्हणजे त्या तक्त्यातली ‘ओळीची बेरीज वजा त्याच क्रमांकाच्या स्तंभाची बेरीज’. एखादी संख्या एका ओळीत जमा झाली की ती कुठल्या तरी स्तंभात नावे पडलेलीच असते. कम्युटेटर कर्णावरच्या संख्या इकडून तिकडे हलवतो, एकूण रक्कम वाढवत नाही की घटवत नाही.

इथे एक गैरसमज वारंवार दिसतो, म्हणून थांबून सांगतो. AB चा ट्रेस म्हणजे A चा ट्रेस गुणिले B चा ट्रेस, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. वरच्या उदाहरणात A चा ट्रेस 5, B चा 0, गुणाकार 0, पण AB चा ट्रेस 5 आहे. दुसरी चूक तीन मॅट्रिक्स आल्या की होते. ABC चा ट्रेस BCA आणि CAB यांच्या ट्रेसएवढाच असतो, कारण AB ला एक गठ्ठा समजून किंवा BC ला एक गठ्ठा समजून वरचाच नियम लावता येतो. पण ACB चा ट्रेस वेगळा असू शकतो. माळेतला शेवटचा मणी पुढे आणता येतो, मधले दोन मणी आपसांत बदलता येत नाहीत.

आता I कडे

n × n एकक मॅट्रिक्सच्या कर्णावर n वेळा 1 असतो, म्हणून तिचा ट्रेस n. कम्युटेटरचा ट्रेस 0. AB − BA = I असतं तर 0 = n झालं असतं. तसं होत नाही, म्हणून अशा A आणि B नाहीतच. सिद्धता संपली.

इतक्या लहान सिद्धतेनं काय साधलं ते मात्र मोठं आहे. १०० × १०० मध्ये A आणि B मिळून वीस हजार संख्या आपल्या हातात असतात. त्या वीस हजार संख्या कशाही फिरवल्या तरी I हाती लागत नाही, आणि हे ठरवायला त्यातल्या एकाही संख्येकडे बघावं लागत नाही. दर समीकरण वेगवेगळं तपासून हे कधी लक्षात आलं नसतं, कारण अडचण कुठल्या एका समीकरणात नाहीच. कर्णावरची n समीकरणं एकत्र मिळवली की डाव्या बाजूला सगळं कटतं आणि उजव्या बाजूला n उरतो. अज्ञात संख्या जास्त आणि समीकरणं कमी या भरवशावर राहणं इथे का फसतं, ते यातच आहे.

हाच युक्तिवाद 2I, −7I किंवा ट्रेस शून्य नसलेल्या कुठल्याही मॅट्रिक्सला लागू पडतो. मग उलट विचारावंसं वाटतं: ट्रेस शून्य असेल तर ती मॅट्रिक्स कम्युटेटर असतेच का? हो. जपानी गणिती केंजिरो शोडा यांनी १९३७ मध्ये हे सिद्ध केलं. म्हणजे ट्रेस ही एकच अट आहे, दुसरा कुठलाही छुपा अडथळा नाही. याची गुरुकिल्ली दिसायला सोपी आहे. कर्णावर सगळी शून्यं असलेली मॅट्रिक्स घ्या, समजा वर उजवीकडे 5 आणि खाली डावीकडे 3. एक मॅट्रिक्स कर्णावर 1 आणि 2, बाकी सगळीकडे 0 असलेली निवडा, तिला P म्हणू. दुसरी Y शोधायची आहे. PY − YP मध्ये (i, j) जागी (pi − pj)·yij येतं. वरच्या जागी (1 − 2)·y12 = 5, म्हणून y12 = −5. खालच्या जागी (2 − 1)·y21 = 3, म्हणून y21 = 3. झालं. कर्णावर शून्यं नसतील पण बेरीज शून्य असेल, तर पाया बदलून मॅट्रिक्स अशाच रूपात आणता येते. ते काम थोडं लांब आहे, कल्पना मात्र हीच.

हातातोंडाशी आलेला I

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. AB − BA = I हे समीकरण आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे. आपण ते विकलन शिकताना पाहिलेलं असतं, फक्त या वेशात पाहिलेलं नसतं.

कुठलीही बहुपदी f घ्या. दोन क्रिया ठरवू. X म्हणजे ‘x नं गुणणे’ आणि D म्हणजे ‘विकलन करणे’. आधी x नं गुणून मग विकलन केलं तर गुणाकाराच्या नियमानं (x·f)′ = f + x·f′ मिळतं. आधी विकलन करून मग x नं गुणलं तर x·f′ मिळतं. वजाबाकी केली तर उरतो फक्त f. म्हणजे DX − XD या क्रियेनं f ला जसाच्या तसा परत दिला. DX − XD = I.

तर मग सिद्धतेचं काय झालं? D आणि X या दोन्ही रेषीय क्रिया आहेत, आणि रेषीय क्रिया मॅट्रिक्सनं लिहिता येतात. चला, लिहूनच बघू. फक्त २ कोटीपर्यंतच्या बहुपदी घेऊ, म्हणजे 1, x आणि x² यांच्यापासून बनणाऱ्या. D मुळे 1 चं 0 होतं, x चं 1 होतं, x² चं 2x होतं. X मुळे 1 चं x होतं, x चं x² होतं, आणि x² चं x³ होतं. पण x³ ला आपल्या जागेत स्थान नाही. काहीतरी करायलाच हवं, म्हणून तो सोडून देऊ, त्याच्या जागी 0 धरू.

```
D = | 0  1  0 |      X = | 0  0  0 |
    | 0  0  2 |          | 1  0  0 |
    | 0  0  0 |          | 0  1  0 |

DX = | 1  0  0 |     XD = | 0  0  0 |
     | 0  2  0 |          | 0  1  0 |
     | 0  0  0 |          | 0  0  2 |

DX − XD = | 1  0   0 |
          | 0  1   0 |
          | 0  0  −2 |
```

पहिल्या दोन जागी 1 आणि 1, अगदी हवे तसे. तिसऱ्या जागी −2. बेरीज शून्य. जो x³ आपण सोडून दिला, त्याची भरपाई त्या कोपऱ्यात झाली. x³ टिकला असता तर त्याचं विकलन 3x² आलं असतं, DX च्या शेवटच्या जागी 0 ऐवजी 3 बसला असता आणि 3 − 2 = 1 झालं असतं. पण मग x³ साठी चौथी ओळ आणि चौथा स्तंभ जोडावा लागला असता, आणि तिथे x⁴ चा प्रश्न उभा राहिला असता. तेव्हा कर्ण 1, 1, 1, −3 असा येतो. मॅट्रिक्स कितीही मोठी केली तरी आधीचे सगळे 1 आणि शेवटच्या कोपऱ्यात त्यांचं सगळं देणं एकरकमी. n × n साठी ते −(n − 1) असतं.

हे संगणकावर करून पाहायला चारपाच ओळी पुरतात:

```python
import numpy as np
n = 6
D = np.diag(np.arange(1, n), k=1)
X = np.diag(np.ones(n - 1, dtype=int), k=-1)
print(np.diag(D @ X - X @ D))
```

उत्तर येतं `[ 1  1  1  1  1 -5]`. n च्या जागी 1000 घातलं तर 999 वेळा 1 आणि शेवटी −999. शेवटचा कोपरा झाकून ठेवला तर I मिळालाच असं कोणीही म्हणेल, आणि तो कोपरा उघडला की सगळा हिशेब परत शून्यावर येतो.

कोपराच नसेल तर

बहुपदींच्या कोटीवर मर्यादा नाही घातली तर मॅट्रिक्सला शेवटची ओळच नसते. D आणि X अनंत मॅट्रिक्स होतात, देणं पुढे पुढे ढकललं जातं आणि ते वसूल होईल असा कोपरा कुठेच येत नाही. म्हणून DX − XD = I हे खरोखरच खरं ठरतं. आपली सिद्धता नेमकी कुठे तुटली ते तक्त्यातच दिसतं. D आणि X चा तक्ता मांडला तर ओळींच्या बेरजा 1, 2, 3, 4, … अशा येतात आणि स्तंभांच्या 0, 1, 2, 3, … अशा. प्रत्येक जागी फरक 1. ‘एकूण बेरीज दोन्हीकडून सारखीच’ हे वाक्य इथे म्हणता येत नाही, कारण एकूण बेरीज अस्तित्वातच नाही, ती अनंत आहे. सिद्धता मर्यादित आकारावर उभी होती, आणि आपण तीच अट काढून घेतली.

हे निव्वळ कुतूहल म्हणून महत्त्वाचं नाही. १९२५ मध्ये वेर्नर हायझेनबर्ग यांच्या कल्पनेला मॅक्स बॉर्न आणि पास्कुअल योर्डान यांनी मॅट्रिक्सच्या भाषेत बसवलं, तेव्हा कणाची स्थिती q आणि संवेग p यांच्यातला मूळ नियम असा निघाला:

```
pq − qp = (h / 2πi) · I
```

h हा प्लांकचा स्थिरांक. गटिंगेन इथे बॉर्न यांच्या थडग्यावर हेच समीकरण कोरलेलं आहे. आता ट्रेसच्या नजरेनं ते वाचा. p आणि q मर्यादित आकाराच्या मॅट्रिक्स असत्या तर डाव्या बाजूचा ट्रेस 0 आणि उजव्या बाजूचा n·h/2πi, म्हणजे शून्य नव्हे. त्यामुळे स्थिती आणि संवेग कुठल्याही मर्यादित मॅट्रिक्सनं नेमकेपणानं मांडता येत नाहीत. क्वांटम यांत्रिकीला अनंत मॅट्रिक्स लागतात ते गणितातल्या हौसेखातर नाही, दोन ओळींची ही सिद्धता दुसरा मार्गच ठेवत नाही.

संगणकावर मात्र अनंत मॅट्रिक्स मावत नाही, ती कुठेतरी कापावीच लागते. दोलकाच्या गणितात ऊर्जापातळ्या खाली-वर नेणाऱ्या दोन मॅट्रिक्स असतात, त्यांच्या घटकांमध्ये 1, 2, 3 ऐवजी √1, √2, √3 येतात. त्या n व्या पातळीवर कापल्या की त्यांच्या कम्युटेटरचा कर्णसुद्धा 1, 1, …, −(n − 1) असाच येतो. तो शेवटचा आकडा ही प्रोग्राममधली चूक नसते, आणि ती ‘दुरुस्त’ करायला गेलात तर दुसरीकडे कुठेतरी काहीतरी मोडणार हे नक्की. खबरदारी एवढीच घ्यायची की दोलकाची अवस्था वरच्या पातळ्यांपर्यंत पोचणार नाही इतका n मोठा ठेवायचा. पोचली की उत्तरं बिघडू लागतात. n वाढवून उत्तर बदलतं का हे पाहिलं की ते कळतं.

अनंत आकार मिळाला म्हणजे सगळं मोकळं झालं असंही नाही. D च्या मॅट्रिक्समधले 1, 2, 3, 4, … हे आकडे वाढतच जातात. दोन्ही मॅट्रिक्सचा परिणाम मर्यादेत ठेवून, म्हणजे कुठलीच सदिशाची लांबी एका ठरावीक पटीपेक्षा जास्त वाढवणार नाही असं पाहून, I मिळवता येईल का? तेही नाही. ऑरेल विंटनर यांनी १९४७ मध्ये हे सिद्ध केलं आणि १९४९ मध्ये हेल्मुट वीलांट यांनी त्याची फार सुरेख सिद्धता दिली. तिच्यात ट्रेस कुठेच येत नाही.

समजा AB − BA = I आहे. मग

```
A²B − BA² = A(AB − BA) + (AB − BA)A = 2A
```

तसंच पुढे गेलं की A³B − BA³ = 3A², आणि सर्वसाधारणपणे AᵏB − BAᵏ = k·Aᵏ⁻¹. विकलनात x च्या घाताचा जो नियम आपण शिकतो त्याचाच हा सख्खा भाऊ. आता A एखाद्या सदिशाची लांबी जास्तीत जास्त किती पट करते, त्या पटीला ‖A‖ म्हणू. ही पट मर्यादित आहे असं धरू, B चीही. उजव्या बाजूची पट k·‖Aᵏ⁻¹‖ आहे. डाव्या बाजूला दोन पदं आहेत आणि त्यातल्या प्रत्येकाची पट ‖Aᵏ⁻¹‖·‖A‖·‖B‖ च्या पुढे जाऊ शकत नाही. दोन्हीकडून ‖Aᵏ⁻¹‖ काढून टाकला की उरतं:

```
k ≤ 2·‖A‖·‖B‖
```

आणि हे प्रत्येक k साठी खरं असायला हवं, १० साठी, दहा लाखांसाठी, कशाहीसाठी. उजवी बाजू ठरलेली एकच संख्या, डावी बाजू वाटेल तितकी मोठी. ते शक्य नाही. मध्ये भागताना ‖Aᵏ⁻¹‖ शून्य तर नव्हता ना, ही शंका रास्त आहे. A चा एखादा घात शून्य असेल तर k·Aᵏ⁻¹ या सूत्रानं त्याच्या खालचा घातही शून्य ठरतो, मग त्याच्या खालचा, असं उतरत उतरत शेवटी A स्वतःच शून्य होते, आणि मग 0 = I. म्हणून तो धोका नाही.

म्हणजे स्थिती किंवा संवेग, दोघांपैकी निदान एकाच्या किमतींना वरची मर्यादा असूच शकत नाही, हेही त्या एका समीकरणातूनच निघतं.

‘कधीच नाही’ हे कुठल्या संख्यांसाठी

आतापर्यंत मी एक गोष्ट गृहीत धरून बोलत होतो: n ही संख्या शून्य नसते. परिमेय, वास्तव आणि संमिश्र संख्यांमध्ये ते खरंच आहे, आणि तिथे मर्यादित आकाराची I कधीच कम्युटेटर नसते. पण मॅट्रिक्समध्ये दुसऱ्या प्रकारच्या संख्याही भरता येतात. उदाहरणार्थ फक्त 0, 1 आणि 2 घ्या, आणि बेरीज-गुणाकार करून झाल्यावर ३ नं भागून उरणारी बाकी तेवढी ठेवा. सांकेतिक लिपी आणि चुका दुरुस्त करणारे कोड यांच्यात असंच गणित सतत चालतं. या संख्यांमध्ये 1 + 1 + 1 = 0 होतं. म्हणजे ३ × ३ एकक मॅट्रिक्सचा ट्रेस शून्य.

आता वरचीच D आणि X परत घ्या, एक घटकही न बदलता. DX − XD चा कर्ण 1, 1, −2 होता. पण −2 मध्ये 3 मिळवले की 1 होतो, आणि इथे 3 म्हणजेच 0. कोपऱ्यातलं ते −2 हे 1 च आहे. कर्ण 1, 1, 1. आपल्या हातात खरीखुरी, मर्यादित, ३ × ३ आकाराची I आली, आणि ती कम्युटेटर आहे. विकलनाच्या भाषेतही हे पटतं: जो x³ आपण सोडून दिला होता त्याचं विकलन 3x² आहे, आणि इथे ते शून्यच आहे. त्याला टाकून देताना काही गमावलंच नव्हतं.

वीलांटची विषमता इथे का अडवत नाही? कारण k = 3 ला A³B − BA³ = 3A² ची उजवी बाजू शून्य होते. 1, 2, 0, 1, 2, 0 असा k फिरत राहतो, वाढत नाही, आणि मोजायला लांबीही नाही.

हेच ५ नं भागून उरणाऱ्या बाकीच्या संख्यांमध्ये ३ × ३ मॅट्रिक्स घेऊन केलं तर −2 चा 3 होतो आणि I मिळत नाही. तिथे 5 × 5 लागतात, किंवा 10 × 10, ज्यात 5 × 5 चे दोन ठोकळे कर्णावर एकाखाली एक ठेवले की काम होतं. कुठल्याही मूळ संख्येसाठी नियम एकच: p नं भागून उरणाऱ्या बाकीच्या संख्यांमध्ये n × n एकक मॅट्रिक्स कम्युटेटर होते ती p नं n ला नि:शेष भाग जातो तेव्हाच, कारण तेव्हाच तिचा ट्रेस शून्य असतो.